वरचं गोल दाबा

विनिताने लिहिलेल्या पुस्तिकेवर तिचं नाव कुठेही नव्हतं, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. तळहाताएवढ्या सोळा पानांच्या माहितीपुस्तिकेवर लेखिकेचं नाव छापायला ती काही कादंबरी नव्हती. ‘दुकानदार मित्रांनो, माल आणि भाव असे भरा’ हे तिचं शीर्षक. बिलपाटी नावाचं नवं बिलिंग अॅप काढणाऱ्या वसईतल्या कंपनीत ती दीड वर्षापासून कंत्राटावर होती. अॅपचे पडदे सगळे इंग्रजीत. मराठी कधी येणार असं विचारलं की केयूर, म्हणजे तिचा साहेब, ‘नेक्स्ट क्वार्टर’ म्हणायचा. त्याचा हा नेक्स्ट क्वार्टर दर तीन महिन्यांनी तीन महिने पुढे जायचा. तोवर नायगावपासून विरारपर्यंतच्या किराणावाल्यांनी काय करायचं? तर विनिताची पुस्तिका वाचायची.

लिहायची मात्र ती झकास. तिचा नियमच होता की जे वाक्य दुकानदाराला कळणार नाही ते छापायचं नाही. त्यासाठी तिने परीक्षकही घरापाशीच शोधला होता. उमेळ्यात तिची इमारत जिथे उभी होती तिथे पूर्वी केळीची वाडी होती, आणि फाटकासमोर श्रीपतकाकांचं दुकान तेव्हापासून होतं. श्रीपतकाका मिठागरात राबणाऱ्या घरातले. चौथीपर्यंत शिकलेले, मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. इंग्रजी अंक येत, अक्षरं नाहीत. बायको आनंदीबाई दुकानात त्यांच्या जोडीने. तीस वर्षांत कुणी ‘काट्यात खोट’ म्हटलं नव्हतं. नवी माणसं उमेळ्यात राहायला आली की शेजारी आधी दूधवाला सांगत, मग श्रीपतकाका.

ऑगस्टमध्ये विनिता कच्चा मजकूर आणि कंपनीचा फोन घेऊन दुपारी दुकानात गेली. एक ते चार दुकान बंद असे, तेव्हा आत पंख्याखाली बसता यायचं.

“वाचा काका. कुठे अडतं ते सांगा.”

काकांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. ‘पहिलं पाऊल: खाली उजवीकडे अधिकचं चिन्ह दाबा. दुसरं: मालाचं नाव लिहा. तिसरं: एकक निवडा, सुटा माल असेल तर किलो, पाकीट असेल तर नग.’ इथवर गाडी सुरळीत गेली. ‘चौथं: पाकिटावर छापलेली किंमत एमआरपीच्या चौकटीत लिहा. त्याच किमतीला विकत असाल तर विक्री किमतीच्या चौकटीतही तीच लिहा. पाचवं: कराचा दर निवडा. सहावं: विक्री किमतीखाली दोन गोल दिसतील. पाकिटावरच्या छापील किमतीत कर धरलेलाच असतो, म्हणून विथ टॅक्स हा पर्याय निवडा.’

काका थांबले. पडद्याकडे बघितलं. दोन गोलांपुढे दोन इंग्रजी ओळी होत्या, वर विथ टॅक्स, खाली विदाउट टॅक्स.

“ह्यातलं विथ कुठलं?”

“हे बघा, डब्ल्यू आय टी एच... खालचंही डब्ल्यूनेच सुरू होतं, पण पुढे...”

“ताई, दोनी डब्ल्यूनेच चालू झाले म्हनता, मंग मी काय वळखू?” काका हसले. “वरचा की खालचा तेवडं सांगा. वरचा दाबा म्हना. मानूस चुकनारच नाय.”

विनिताला ते एकदम पटलं. तिथेच पेनाने तिने वाक्य बदललं. ‘पाकिटावरच्या मालासाठी वरचं गोल दाबा.’ काकांनी ते वाचून बोटाने वरचं गोल दाबलं, बिस्किटाचा पुडा दहा रुपयांना भरला, बिल काढलं. दहाच रुपये आले. आनंदीबाईंनी टाळी वाजवली आणि विनिताला कोकम सरबत दिलं. त्या दिवशी घरी जाताना तिला आपल्या कामाचा अभिमान वाटत होता. खोटा नव्हता तो. केयूरनेही नंतर मीटिंगमध्ये हेच पान दाखवून म्हटलं, ‘सिंपल म्हणजे असं.’ चार हजार प्रती छापून आल्या.

दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात अॅपची सुधारित आवृत्ती निघाली. दर आवृत्तीच्या आधी विनिताकडे बदलांची यादी यायची आणि प्रत्येक बदलापुढे तिने ‘पुस्तिकेवर परिणाम: हो’ किंवा ‘नाही’ असं भरायचं असे. यादीत एकोणतीस बदल होते. त्यांतला सतरावा होता, ‘कर पर्यायांचा क्रम बदलला. घाऊक व्यापाऱ्यांची मागणी.’ घाऊकवाले भाव कर सोडून सांगतात, त्यांना कराशिवायचा पर्याय आधी हवा होता. मागणी रास्त होती आणि बदल एका ओळीचा होता. विनिताला त्या दिवशी दिवाळीच्या जाहिरातीचा मजकूर द्यायचा होता, केयूर दोनदा येऊन टेबलापाशी उभा राहून गेला होता. तिने यादी वरून खाली एका दमात उतरवली. नाही, नाही, नाही. एकोणतीस वेळा नाही. नवा पडदा उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. ती तिने दिली नाहीत.

वरचं गोल आता खालचं झालं होतं, आणि चार हजार पुस्तिका वरचं दाबा म्हणत होत्या.

श्रीपतकाकांनी अॅप खरोखरीच्या वापरासाठी घेतलं ते त्यानंतर चार दिवसांनी. दुकानाला जीएसटी नंबर होता, जीएसटीचे कागद भरून देणारा हिशेबनीस कधीपासून मागे लागला होता की कागदी बिलं सोडा. काकांनी छापील पुस्तिका काऊंटरवर काट्याला टेकवून उभी केली आणि सलग अकरा दिवस दुपारी नवराबायको भिडले. आनंदीबाई फळीवरून पाकीट काढून किंमत वाचायच्या, काका बोटाने मराठीत टाइप करायचे. तांदूळ, डाळी, सुट्या मालाला कर नव्हताच. साबण, चहा, बिस्किटं, तेलाच्या बाटल्या, कपड्यांची पावडर, प्रत्येकाला सहाव्या पावलावर वरचं गोल. तीनशे बारा वस्तू. एकही चुकू नये म्हणून काका दर वेळी पुस्तिकेतली ओळ पुन्हा वाचत. इतक्या निष्ठेने आरतीसुद्धा कुणी म्हणत नाही.

मग चूक कळली कशी नाही? तर ती दुकानदारीच्या रीतीमुळे. दहाचा पुडा, वीसचा शाम्पू नेणाऱ्याला कुणी बिल करत नाही. पाकिटावरचे पैसे घेतले, गल्ल्यात टाकले. बिल होतं ते महिन्याच्या वाणसामानाचं. तिथे तांदूळ, डाळ, साखर, पंधरावीस पाकिटं असं सगळं एका बेरजेत येतं, आणि दिवाळीनंतर बेरीज जास्त आली तर माणूस महागाईला शिव्या घालतो. अॅपनेही हटकलं नाही. विक्री किंमत एमआरपीपेक्षा जास्त लिहिली असती तर लाल अक्षरं आली असती, पण काकांनी दोन्ही चौकटींत तीच किंमत लिहिली होती. कर त्यावर नंतर चढत होता, बिलाच्या तळाशी, सरकारी वाटणाऱ्या बारीक अक्षरांत.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला तिसऱ्या मजल्यावरच्या ऋतिकाने कपड्यांच्या पावडरीचं पाकीट आणि बिल शेजारी शेजारी ठेवलं. पाकिटावर एकशेदहा रुपये, सर्व करांसह. बिलात एकशेएकोणतीस रुपये ऐंशी पैसे. चहा एकशेचाळीसचा, लावलेला एकशेसत्तेचाळीसला. तिने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. अर्ध्या तासात प्रत्येक घरातून डब्यामागची बिलं निघाली. प्रत्येकाला जास्तच लागलेलं, कुणाला साठ, कुणाला नव्वद. एखाद्याचं चुकलं असतं तर चूक म्हटली असती. सगळ्यांचं एकाच बाजूला चुकलं की त्याला लबाडी म्हणतात.

संध्याकाळी पंधरावीस जण दुकानापुढे जमले. एकाने मोबाइल धरला होता. त्या चित्रफितीत काका काऊंटरमागे उभे होते, बिल चष्म्याजवळ धरून. “मशीननं काडलंय ते. मी पाकिटावरचाच भाव भरलाय, देवाशपत.”

“मशीन तुमच्या मनाने चालतं काका?” मागून कुणीतरी म्हणालं. “जमिनी विकून पोट भरलं नाही, आता आम्हाला विकताय.”

काकांच्या घरात विकायला जमीन कधीच नव्हती. पण चित्रफितीत ते नुसते बिलाकडे बघत राहिले. आनंदीबाईंनी पुढे येऊन मोबाइलवर हात धरला, आणि फीत तिथेच संपत होती. रात्रीपर्यंत ती वसईभर फिरली. ‘एमआरपीवर दरोडा’ असं कुणीतरी वर लिहिलं होतं.

विनिताने ती ऑफिसातून परतताना पाहिली. घरी येऊन तिने आपलं बिल काढलं आणि दोन मिनिटांत तिला सगळं समजलं, कारण ते समजू शकेल अशी उमेळ्यात ती एकटीच होती. तिने फोनमध्ये अॅप उघडलं, नवा माल घेतला, सहाव्या पावलापर्यंत गेली. वर कराशिवाय, खाली करासह. ‘अरे देवा’ एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने केयूरच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि सांगितलं. केयूरने आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. त्याने बदलांची यादी उघडली, सतरावी ओळ शोधली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. ‘पुस्तिकेवर परिणाम: नाही. भरणारी: विनिता.’

“अजून किती दुकानं?” तिने विचारलं.

“ते बघू. आजच मेसेज पाठवतो सगळ्यांना, ‘कराची सेटिंग तपासा’ म्हणून. पुस्तिका दुरुस्त कर, नवी पीडीएफ जाऊ दे. पण चूक आपली असं तोंडाने बोलायचं नाही. एकाला बोललीस की उद्या चार हजार जण दारात. आणि शेवटच्या पानावर लिहिलंय ना, ‘प्रत्यक्ष पडदा वेगळा असू शकतो’? झालं तर.” मग जरा मऊ आवाजात, “डिसेंबरला तुझं कंत्राट नवं करायचंय विनिता. मी वर काय सांगू?”

रविवारपर्यंत तिने काहीच केलं नाही. नाही म्हणायला पुस्तिका दुरुस्त केली. सहाव्या पावलात आता वरचं-खालचं नव्हतं, इंग्रजी शब्द जसेच्या तसे दाखवून पुढे मराठीत अर्थ दिला होता. ऑगस्टमध्येच असं करता आलं असतं, इतकं ते सोपं होतं. नवऱ्याला, सुमेधला, तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काकांना एकटं गाठून सांग. ग्रुपवर नको. त्यांना कळलं म्हणजे झालं ना?” भिडस्त माणसाला असा सल्ला फार आवडतो. तिलाही आवडला. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळी जायचं तिने ठरवलं.

पण काकांनी वाट पाहिली नाही. रविवारी दहा वाजता तेच सोसायटीच्या फाटकात आले. इस्त्रीचा सदरा घातलेला, बरोबर आनंदीबाई, हातात कापडी पिशवी. पिशवीत सगळी बिलं, चिल्लर आणि ती पुस्तिका. अॅपमधून त्यांनी महिन्याची बिलं एकेक करून काढली होती, हाताने कागदावर पुन्हा मांडली होती आणि घरागणिक जास्त घेतलेले पैसे लिहून आणले होते. खाली खुर्च्या टाकून रविवारची सभा बसलीच होती. विनिता सुमेधबरोबर मागच्या रांगेत होती.

“मी लुबाडायला नाय बसलो,” काका उभ्यानेच म्हणाले. “पैसं सगल्यांचं आनलंय. पन मला एक सांगायचंय. मी पुस्तकात बगून भरलं. सा नंबरला लिवलंय तसंच. आमची ही वाचायची, मी दाबायचो. आपल्या विनिताताई त्याच कंपनीत हायत, त्यांनीच लिवलंय पुस्तक. त्या खोटं नाय सांगनार.”

सगळ्या माना मागे वळल्या.

काकांनी पुस्तिका उघडून दोन्ही हातांनी तिच्याकडे धरली. त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा जीव आला होता. ज्याने खून केला असं लोक म्हणताहेत त्याला भर कोर्टात घरचा साक्षीदार दिसावा, तसं ते बघत होते.

“ताई, तुमीच सांगा. वरचं गोल दाबा, असंच लिवलंय ना? मंग माजं काय चुकलं?”

‘काका, तुमचं काही चुकलं नाही.’ एवढंच वाक्य होतं. ती उठून उभी राहिली तेव्हा तिला तेच म्हणायचं होतं. पण समोर चाळीस माणसं होती आणि त्यांतल्या तिघांचे मोबाइल वर झाले होते. उद्या केयूर बघेल, वरचे बघतील, चार हजार दुकानदार बघतील. तिने तोंड उघडलं तेव्हा त्यातून तिला स्वतःलाही अनोळखी असा ऑफिसचा आवाज आला.

“काका, पुस्तिका मार्गदर्शनासाठी असते. अॅप बदलत राहतं, तसं शेवटच्या पानावर लिहिलंय. गोलापुढे काय लिहिलंय ते वाचून दाबायला हवं होतं.”

“तिथं विंग्रजी व्हतं, ताई.”

“हो. पण... वाचून घ्यायला हवं होतं. कुणाकडून तरी.”

पुढच्या रांगेतून ऋतिका म्हणाली, “म्हणजे चूक यांचीच,” आणि ती काही दुष्टपणे म्हणाली नव्हती, हिशेब लागल्यासारखं म्हणाली. दोघातिघांनी मान डोलावली. लबाडी नव्हती, अडाणीपणा होता, असा निकाल लागला. सभेला बरं वाटलं. काकांना लुटारू म्हणण्यापेक्षा अडाणी म्हणणं सभ्य होतं.

आनंदीबाईंनी मात्र विनितावरून नजर काढली नाही. ऑगस्टच्या दुपारी त्या तिथेच होत्या. कुणी कुणाला काय विचारलं, कुणी पेनाने काय बदललं, सगळं त्यांनी पाहिलं होतं. त्यांचे ओठ हलले. काकांनी त्यांच्या दंडाला हात लावला.

“ऱ्हाऊ दे गं. ताई बोलतात ते बरोबर हाय. आपल्याला वाचता येत नाय, तर आपन कशाला त्या भानगडीत पडायचं. चूक आपलीच.”

म्हणताना ते विनिताकडे बघत होते. रागाने नव्हे. राग असता तर तिला तो अंगावर घेता आला असता. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते तिला जाऊ देत होते, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला दोन रुपये सोडून द्यावेत. आता तरी बोल, असं तिच्या आतलं माणूस ओरडत होतं. सुमेधने मनगट धरून तिला खाली ओढलं आणि ती बसली.

मग काकांनी पैसे वाटायला सुरुवात केली. कागदावरून घर नंबर वाचायचा, नाव घ्यायचं, मोजून द्यायचे, पुढे खूण करायची. कुणी ‘असू द्या काका’ म्हणालं तरी ते हलत नव्हते, हात पुढे करून उभे राहत. घेतल्याशिवाय पुढे जात नव्हते. दुकान ह्या महिनाअखेर बंद करतोय, गाळा मोबाइलवाल्याला देतोय, असं त्यांनी कुणाच्या तरी प्रश्नावर सांगितलं, पैसे मोजता मोजता.

शेवटच्या रांगेत ते आले. कागद डोळ्यांजवळ धरला.

“चारशेदोन. विनिताताई. शहात्तर रुपये.”

पन्नासची एक नोट, वीसची एक, पाचचं नाणं आणि एक रुपया. आनंदीबाई शेजारी पेन घेऊन खूण करायला थांबल्या होत्या. मागे कुणीतरी खुर्च्या आवरायला लागलं होतं.

विनिताने हात पुढे केला आणि पैसे घेतले.